गुरूला मागून वळसा: यानाची चाल १० वरून २० वर कशी जाते, याचा पायरीपायरीने हिशेब

९ जुलै १९७९ रोजी व्हॉयेजर २ हे यान गुरूच्या केंद्रापासून सुमारे ७.२ लाख किलोमीटरवरून गेले. गुरूपाशी पोहोचताना सूर्याच्या संदर्भात त्याची चाल सेकंदाला साधारण १० किमी होती. गुरूला मागे टाकून ते शनीच्या वाटेला लागले तेव्हा ती २० च्या वर गेली होती. ही वाढ इंजिनातून आलेली नव्हती. तिला गुरुत्वीय साहाय्य म्हणतात, आणि ती नेमकी कुठून येते हे कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात तपासता येते. शाळेतली त्रिकोणमिती आणि वजाबाकी-बेरीज एवढे भांडवल पुरते.

खाली मी व्हॉयेजर २ च्या प्रवासासारखेच पण सोयीसाठी गोल केलेले आकडे घेऊन पूर्ण हिशेब केला आहे. सगळ्या चाली सेकंदाला किलोमीटरमध्ये आहेत, म्हणून दर वेळी एकक लिहीत नाही.

आधी अडचण नीट समजून घेऊ

"ग्रह यानाला ओढतो, म्हणून यानाची चाल वाढते" हे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते, आणि ते अपुरे आहे. ग्रहाकडे पडताना यानाची चाल वाढते हे खरे. पण ग्रहापासून दूर जाताना तोच ग्रह त्याला मागे ओढतो आणि मिळालेली सगळी चाल काढून घेतो. दरीच्या एका कडेने उतरलेली सायकल दुसऱ्या कडेने तेवढीच वर चढली की तिची चाल पहिल्याइतकीच होते, तसे. मग उरले काय?

उत्तर आपल्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या दोन शब्दांत आहे: चाल आणि वेग. चाल म्हणजे नुसता आकडा. वेग म्हणजे आकडा आणि दिशा दोन्ही. गुरूवर बसून पाहिले तर यान ज्या चालीने आले त्याच चालीने जाते, फक्त त्याची दिशा बदलते. म्हणजे गुरूच्या दृष्टीने चाल कायम आहे आणि वेग बदलला आहे. पण गुरू स्वतः सूर्याभोवती १३ च्या चालीने धावतो आहे. दिशा बदललेल्या त्या वेगात गुरूचा वेग मिळवला की सूर्याच्या दृष्टीने यानाची चालसुद्धा बदललेली निघते. सगळा हिशेब या एका वाक्याचा विस्तार आहे.

डोळ्यांसमोर चित्र हवे असेल तर एक मोकळा, सपाट रस्ता घ्या. त्यावर स्केट्स घातलेला एक माणूस सेकंदाला ७.५ मीटरने पुढे चालला आहे. मागून सेकंदाला १३ मीटरने एक ट्रक येतो. ट्रकच्या बाजूला एक उभा दांडा घट्ट बसवलेला आहे. ट्रकच्या चालकाला वाटते की हा माणूस ५.५ च्या चालीने उलटा आपल्याकडे येतो आहे. दांडा जवळ येताच माणूस तो हाताने पकडतो, त्याभोवती अर्धा फेरा घेतो आणि सोडतो. चालकाच्या दृष्टीने चाल तीच, ५.५, पण आता पुढच्या दिशेला. रस्त्यावर उभे राहून पाहिले तर त्याची चाल १३ अधिक ५.५, म्हणजे १८.५ झाली. दांड्याने त्याला धक्का दिला नाही, नुसते वळवले. आणि ट्रक उभा असता तर? माणूस आला तसा परत गेला असता, चालीत काडीचाही फरक न पडता. दांडा चालता असणे हेच सगळे काही आहे.

गुरूचे गुरुत्वाकर्षण म्हणजे तो हात. फरक इतकाच की अर्धा फेरा पुरा होत नाही. यान जसे नेम धरून येईल तेवढेच वळते.

पायरी १: सूर्याच्या संदर्भातले आकडे मांडा

कागदावर दोन अक्ष काढा. आडवा अक्ष गुरू ज्या दिशेला धावतो आहे त्या दिशेचा. त्याला "पुढे" म्हणू. उभा अक्ष सूर्यापासून बाहेरच्या दिशेचा. त्याला "बाहेर" म्हणू.

गुरूचा वेग: पुढे १३, बाहेर ०. (गुरूची कक्षा किंचित लांबट आहे, त्यामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. आपल्याला १३ चालेल.)

यानाचा वेग: पुढे ७.५, बाहेर ६.६. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की चाल १० येते.

हे ७.५ कुठून आले? पृथ्वीच्या कक्षेतून निघालेले यान सूर्यापासून लांब जाताना मंदावते आणि त्याचा कोनीय संवेग कायम राहतो. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट अंतरावर आहे. निघताना यानाची सूर्याभोवतीची चाल ३९ च्या आसपास होती, ती ५.२ ने भागली की ७.५ मिळते. म्हणजे सूर्यप्रदक्षिणेच्या दिशेने यान गुरूपेक्षा बरेच हळू आहे. गुरूच त्याला मागून येऊन गाठतो, अगदी त्या ट्रकसारखा.

पायरी २: गुरूवर जाऊन बसा

आता यानाच्या वेगातून गुरूचा वेग वजा करा. पुढे: ७.५ वजा १३, म्हणजे उणे ५.५. बाहेर: ६.६ वजा ०, म्हणजे ६.६ च.

हा सापेक्ष वेग. त्याची चाल ८.६ येते. तिला सूत्रांत `v∞` लिहितात, कारण गुरूपासून खूप दूर असताना, त्याची ओढ जाणवू लागण्याआधीची ही चाल आहे. दिशा पाहा: "पुढे" उणे आहे, "बाहेर" अधिक आहे. गुरूच्या पुढच्या दिशेपासून मोजला तर हा बाण १२९.८ अंशांवर येतो, म्हणजे मागे आणि बाहेर असा तिरका.

हे ८.६ लक्षात ठेवा. यान गुरूजवळ येताना ही चाल वाढत जाईल, सर्वांत जवळच्या बिंदूला ती २०.६ होईल, आणि दूर गेल्यावर पुन्हा बरोबर ८.६ होईल. मधल्या २०.६ चा अंतिम हिशेबाशी थेट संबंध नाही. बातम्यांत मात्र तोच आकडा झळकतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

पायरी ३: यान किती अंश वळेल ते काढा

गुरूच्या दृष्टीने यानाचा मार्ग अपास्त असतो: एका सरळ रेषेने येणारा, ग्रहाजवळ वाकणारा आणि दुसऱ्या सरळ रेषेने जाणारा. किती वाकायचे हे तीन गोष्टी ठरवतात: ग्रह किती जड, यान किती जवळून जाते आणि ते किती घाईत आहे.

```
e = 1 + rp * v∞² / GM
sin(δ/2) = 1 / e
```

`GM` म्हणजे ग्रहाचे वस्तुमान गुणिले गुरुत्व स्थिरांक. गुरूसाठी ते १२.६७ कोटी आहे (किमी आणि सेकंद या एककांत). `rp` म्हणजे ग्रहाच्या केंद्रापासूनचे सर्वांत कमी अंतर, पृष्ठभागापासून नव्हे. `δ` हा वळणाचा कोन.

आपले आकडे घाला. ७,२०,००० ला ८.६ च्या वर्गाने, म्हणजे ७४ ने गुणून १२.६७ कोटींनी भागले की ०.४२ येते. म्हणून `e` झाला १.४२. एक भागिले १.४२ म्हणजे ०.७०४. ज्या कोनाची ज्या (साइन) ०.७०४ आहे तो कोन ४४.७५ अंश. त्याची दुप्पट ८९.५ अंश. म्हणजे यान जवळजवळ काटकोनात वळणार.

या वळणाला किती वेळ लागतो, हे मला या सगळ्या प्रकारातले फार विलक्षण वाटते. पृथ्वीपासून गुरूपर्यंतचा प्रवास सुमारे दोन वर्षांचा. पण याच आकड्यांनी काढले तर वळणाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग सर्वांत जवळच्या बिंदूच्या आधीच्या तीस आणि नंतरच्या तीस तासांत उरकतो. पुढच्या सगळ्या प्रवासाची दिशा अडीच दिवसांत ठरते.

पायरी ४: बाण फिरवा

सापेक्ष वेगाचा बाण १२९.८ अंशांवर होता. तो गुरूच्या पुढच्या दिशेकडे ८९.५ अंशांनी फिरवा. उरले ४०.३ अंश. लांबी तीच ठेवा: ८.६. हे मुद्दाम सांगतो, कारण याच ठिकाणी काहीतरी "मिळवण्याचा" मोह होतो. इथे काहीही मिळवायचे नाही.

नवे भाग: पुढे ८.६ गुणिले कोसाइन ४०.३, म्हणजे ६.५६. बाहेर ८.६ गुणिले साइन ४०.३, म्हणजे ५.५६.

पायरी ५: सूर्याकडे परत या

गुरूचा वेग परत मिळवा. पुढे: ६.५६ अधिक १३, म्हणजे १९.५६. बाहेर: ५.५६. चाल: २०.३.

आलो तेव्हा १०, निघालो तेव्हा २०.३. सूर्यापासून गुरूएवढ्या अंतरावर सूर्याचा मुक्तिवेग सुमारे १८.५ आहे. म्हणजे हे यान आता सूर्याच्या तावडीतून कायमचे सुटले. येताना ते सूर्याभोवती लांबट लंबवर्तुळात फिरणारी वस्तू होते. जाताना ते अपास्त मार्गाने बाहेर निघाले आहे.

आकडे बदलून पाहायचे असतील तर हाच हिशेब पायथनमध्ये असा:

```python
from math import sqrt, asin, atan2, cos, sin

GM, rp, V = 1.267e8, 720000, 13.0
vt, vr = 7.5, 6.6

ut, ur = vt - V, vr
vinf = sqrt(ut**2 + ur**2)
delta = 2 * asin(1 / (1 + rp * vinf**2 / GM))
phi = atan2(ur, ut) - delta
print(sqrt((V + vinf*cos(phi))**2 + (vinf*sin(phi))**2))
```

उत्तर २०.३ च्या आसपास आले की सगळे बरोबर.

मागून की पुढून?

आता `phi` च्या ओळीतले उणे चिन्ह अधिक करा आणि पुन्हा चालवा. उत्तर येते ८.४. यानाची चाल वाढण्याऐवजी घटली! तेच यान, तोच ग्रह, तेच अंतर. फक्त बाण उलट्या बाजूला वळला.

याचा प्रत्यक्षातला अर्थ असा: यान ग्रहाच्या मागून गेले, म्हणजे ग्रह नुकताच जिथून पुढे सरकला त्या जागेतून गेले, तर ग्रह त्याला आपल्या मागे, पुढच्या दिशेला ओढतो आणि चाल वाढते. यान ग्रहाच्या पुढून, त्याची वाट कापून गेले तर ग्रह त्याला मागे खेचतो आणि चाल घटते. हिशेबात बाजू चुकली की उत्तर साफ उलटे येते, आणि आकडा "वाटण्याजोगा" असल्यामुळे चूक पटकन ध्यानात येत नाही. ती पकडायची सोपी खूण आहे. नव्या सापेक्ष वेगातून जुना सापेक्ष वेग वजा करा. आपल्या उदाहरणात तो फरक पुढे १२.०६ आणि बाहेर उणे १.०४ येतो. हा बाण सर्वांत जवळच्या बिंदूपासून ग्रहाकडे रोखलेला असलाच पाहिजे, कारण ओढणारा ग्रहच आहे. बाण पुढे रोखला आहे, म्हणजे ग्रह यानाच्या पुढे होता, म्हणजे यान मागून गेले. जुळले.

घटणारी चाल ही नेहमी चूक नसते. पार्कर सोलर प्रोब या यानाने सूर्याच्या जवळ जाण्यासाठी शुक्राजवळून सात फेऱ्या मारल्या, आणि त्या सूर्याभोवतीची चाल कमी करण्यासाठीच होत्या. सूर्याकडे पडायचे तर पृथ्वीकडून मिळालेली प्रदक्षिणेची चाल टाकून द्यावी लागते. आणि बाण मागे-पुढे न वळवता वर-खालीही वळवता येतो: युलिसिस यान फेब्रुवारी १९९२ मध्ये गुरूजवळून अशा बेताने गेले की ते ग्रहांच्या फिरण्याच्या प्रतलातूनच बाहेर पडले आणि सूर्याच्या ध्रुवांवरून गेले.

ऊर्जा कोणी दिली?

गुरूने. यानाला जेवढा संवेग मिळाला तेवढाच गुरूने गमावला. यानाचे वस्तुमान ७२० किलो धरा, वेगातला बदल १२.१, गुरूचे वस्तुमान १.९ गुणिले १०^२७ किलो. भागाकार केला तर गुरूचा वेग सेकंदाला सुमारे ४.६ गुणिले १०^−२१ मीटरने बदलला. एवढ्या फरकाने एक कोटी वर्षे चालत राहिले तर पडणारे अंतर दीड मायक्रॉनच्या आसपास. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. पण शून्य नाही, आणि ते शून्य नाही म्हणूनच ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडत नाही.

यातूनच कळते की सूर्याचा असा उपयोग सूर्यमालेत का होत नाही. आपण सगळ्या चाली सूर्याच्या संदर्भात मोजतो. त्या हिशेबात सूर्य म्हणजे उभा ट्रक.

अजून जवळून गेलो तर?

हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि उत्तर अपेक्षेपेक्षा वेगळे आहे. कोडमध्ये `rp` ला ३ लाख करा: चाल २१.५ च्या आसपास. दीड लाख करा: २१.६. अंतर जवळपास पाचपट कमी केले आणि वाढ मिळाली जेमतेम १.३ ची. कारण उघड आहे. बाण पुरता पुढच्या दिशेला वळला की १३ अधिक ८.६, म्हणजे २१.६ हीच कमाल मर्यादा. त्याहून जास्त वळवले तर तो पलीकडे जाऊन चाल पुन्हा कमी होऊ लागते. शिवाय गुरूजवळचे किरणोत्सर्गाचे पट्टे इलेक्ट्रॉनिक्सची वाट लावतात. म्हणून अंतर ठरवताना "जास्तीत जास्त चाल" हा निकष सहसा नसतोच. निघणाऱ्या बाणाची दिशा पुढच्या ग्रहाच्या भावी जागेवर रोखली जाईल असे अंतर निवडावे लागते. व्हॉयेजर २ ला शनी गाठायचा होता, ७.२ लाख हे अंतर त्या गरजेतून आले.

ग्रह हलका असेल तर गणित वेगळ्या ठिकाणी अडते. तेच ८.६ घेऊन मंगळाच्या केंद्रापासून ३,७०० किमीवरून, म्हणजे जवळजवळ त्याला घासून गेलो तरी वळण १६ अंशांपेक्षा कमी. पृथ्वीजवळून तसेच गेलो तर ५३ अंशांच्या आसपास. त्याहून जवळ जाता येत नाही, कारण मध्ये वातावरण आणि मग जमीन येते. घाईत असलेले यान ग्रहाच्या ओढीत कमी वेळ राहते, म्हणून ते कमी वळते. हे सूत्रातल्या `v∞²` मध्ये दिसतेच.

आणखी एक मर्यादा. एकाच ग्रहाजवळून पुन्हा पुन्हा गेल्याने ते ८.६ वाढत नाही. प्रत्येक भेटीत बाण फिरतो, लांबी तीच राहते. लांबी वाढवायची तर मध्ये दुसरा ग्रह तरी हवा किंवा इंजिन तरी. कॅसिनी यान शुक्राजवळून दोनदा गेले, एप्रिल १९९८ आणि जून १९९९ मध्ये. दोन भेटींच्या मध्ये, डिसेंबर १९९८ मध्ये, त्याने इंजिन चालवून वेगात सेकंदाला सुमारे ४५० मीटरचा बदल केला. सूर्यापासून दूर असताना केलेल्या त्या बदलामुळे दुसऱ्या भेटीच्या वेळी शुक्राच्या संदर्भातली चालच वाढली. त्यानंतर पृथ्वी, मग गुरू, आणि जुलै २००४ मध्ये शनी.

नेम: खरी मेहनत इथे आहे

वरचा हिशेब वहीतला. प्रत्यक्षात यान गुरूच्या "७.२ लाख किमीवर" असा नेम धरत नाही, कारण ते अंतर ओढीने वाकल्यानंतरचे आहे. नेम धरायचा तो ओढ नसती तर यान ग्रहापासून किती अंतरावरून सरळ गेले असते त्याचा. आपल्या उदाहरणात हे अंतर १७.३ लाख किमी येते. ग्रहाच्या केंद्रातून, येणाऱ्या वेगाला काटकोनात एक काल्पनिक पडदा उभा आहे असे समजा. त्या पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे नेम. ठिपका केंद्रापासून किती दूर यावर वळणाचा कोन ठरतो, आणि कोणत्या बाजूला यावर वळण्याची दिशा. मागून-पुढून, वर-खाली हे सगळे त्या एका ठिपक्यात येते.

आता समजा यान त्या ठिपक्यापासून १०० किमी चुकले. १७.३ लाखांत १०० म्हणजे काहीच नाही असे वाटते. वळणाच्या कोनात फरक पडतो ०.००००५८ रेडियनचा. त्याला ८.६ ने गुणले की निघणाऱ्या वेगात सेकंदाला अर्ध्या मीटरची चूक. पण पुढचा प्रवास दोन वर्षांचा, म्हणजे सव्वासहा कोटी सेकंदांचा आहे. अर्धा मीटर गुणिले तेवढे सेकंद म्हणजे शनीपाशी ३० हजार किमीची चूक. ग्रहाजवळचे वळण चुकीला असे मोठे करते. एक भेट झाली की चूक तीनशे पट, आणि व्हॉयेजर २ ला तर गुरूनंतर शनी, युरेनस आणि नेपच्यून अशा तीन भेटी बाकी होत्या.

म्हणून दुरुस्ती कधी करायची हाच सगळा प्रश्न असतो. तीच १०० किमीची चूक भेटीच्या दोन महिने आधी कळली तर सेकंदाला दोन सेंटिमीटरचा हलका रेटा पुरतो. भेटीनंतर लगेच दुरुस्त केली तर अर्धा मीटर, म्हणजे पंचवीस पट. शनी दोन महिन्यांवर आल्यावर जागे झालो तर सेकंदाला सहा मीटर. इंधन मोजके असते; ज्या क्षणी चूक कळते त्यावर यानाचे पुढचे आयुष्य ठरते. फार आधी दुरुस्ती करणेही बरे नाही, कारण तोपर्यंत यान नेमके कुठे आहे आणि ग्रह नेमका कुठे आहे हेच पुरेसे अचूक ठाऊक नसते. मग आपण चूक नव्हे, मापनातला गोंधळ दुरुस्त करत बसतो. त्यामुळे भेटीआधी काही महिने, काही आठवडे आणि काही दिवस अशा टप्प्यांनी छोट्या दुरुस्त्या ठेवतात, आणि भेटीनंतर एक.

भेट नीट झाली हे कसे ओळखायचे?

मुख्य साधन म्हणजे रेडिओ लहरींची वारंवारता. यान दूर जात असेल तर त्याच्या संदेशाची वारंवारता किंचित उतरते, जवळ येत असेल तर चढते. हा डॉप्लर परिणाम. त्यावरून पृथ्वीच्या दिशेतली यानाची चाल सेकंदाला मिलिमीटरपर्यंत अचूक मोजता येते. भेटीच्या काळात अपेक्षित वारंवारतेचा आलेख आधीच काढलेला असतो. खरा आलेख त्यावर बसला तर नेम बरोबर. दोन्हींमधला फरक भेटीनंतर सरळ रेषेत वाढत गेला तर समजावे की निघणारा वेग थोडा चुकला आहे. रेषेचा उतार किती चुकला ते सांगतो.

डॉप्लरची एक उणीव आहे. तो पृथ्वीच्या दिशेतली चाल फार चांगली सांगतो, आडवी कमी चांगली. शिवाय यान पृथ्वीच्या संदर्भात कुठे आहे ते कळले तरी ग्रहाच्या संदर्भात कुठे आहे ते वेगळे कळावे लागते. त्यासाठी यानाचा कॅमेरा वापरतात: ग्रहाच्या एखाद्या चंद्राचा फोटो घ्यायचा, मागचे तारे दिसतील इतका वेळ शटर उघडे ठेवायचे, आणि ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र कुठे आहे हे मोजायचे. अशा फोटोत चंद्र स्वतः भगभगीत, पांढरा होऊन जातो, कारण फिकट ताऱ्यांसाठी प्रकाश जास्त घेतलेला असतो.

व्हॉयेजर १ गुरूजवळून गेल्यावर तीन दिवसांनी, ८ मार्च १९७९ रोजी, असाच एक फोटो आयओ या चंद्राचा घेतला गेला. लिंडा मोराबिटो या मार्गदर्शन विभागातल्या अभियंत्या दुसऱ्या दिवशी पडद्यावर त्या फोटोची चमक वाढवून मागचे तारे शोधत होत्या. चंद्राच्या कडेबाहेर त्यांना छत्रीसारखा एक फिकट फुगवटा दिसला. आधी वाटले मागे दुसरा चंद्र असेल, पण त्या जागी कुठलाच चंद्र असू शकत नव्हता. तो आयओवरच्या ज्वालामुखीचा, शेकडो किलोमीटर उंच उसळलेला फवारा होता. पृथ्वीबाहेरचा जागता ज्वालामुखी माणसाला पहिल्यांदा दिसला तो यानाची जागा मोजायला काढलेल्या फोटोत.